जे-कट आणि एल-कट : दुकानातल्या संवादात आवाज आधी, चित्र नंतर (आणि उलटंही)



ग्राहक आणि दुकानदार यांच्या गप्पांचा व्हिडिओ आपल्यापैकी बरेच जण बनवतात. शूट चांगलं असतं, आवाज स्वच्छ असतो, विषयही कामाचा असतो, तरी बघताना काहीतरी खटकतं. ग्राहक बोलला की ग्राहक दिसतो, दुकानदार बोलला की दुकानदार दिसतो. पुन्हा ग्राहक, पुन्हा दुकानदार. टेनिसची मॅच बघावी तशी मान इकडून तिकडे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कट बसतो आणि बघणाऱ्याला तो कळतो.

खऱ्या आयुष्यात आपण असं बघत नाही. दोन माणसं बोलत असली तर आपली नजर बोलणाऱ्यावरच खिळून राहत नाही. कोणी किंमत सांगितली की आपण लगेच ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, पटली की नाही ते. कोणी तक्रार केली की दुकानदाराचा चेहरा बघतो. म्हणजे कान एकाकडे आणि डोळे दुसऱ्याकडे. जे-कट आणि एल-कट हे एडिटिंगमध्ये तेवढंच करतात.

आज एकच सीन घेऊ आणि तो शेवटपर्यंत कापू.

आधी नावं समजून घेऊ

एडिटिंगच्या टाइमलाइनवर वरच्या पट्टीत चित्र असतं, खालच्या पट्टीत आवाज. साध्या कटमध्ये दोन्ही एकाच जागी बदलतात, म्हणजे कापणी सरळ उभी दिसते.

एल-कटमध्ये चित्र आधी बदलतं, पण आधीच्या माणसाचा आवाज चालूच राहतो. त्या क्लिपची खालची आवाजाची पट्टी उजवीकडे पुढे निघालेली दिसते, इंग्रजी L अक्षराच्या पायासारखी.

जे-कटमध्ये उलट. पुढच्या माणसाचा आवाज आधी येतो, चित्र मात्र आधीच्याच माणसाचं राहतं. येणाऱ्या क्लिपची आवाजाची पट्टी डावीकडे मागे सरकलेली दिसते, J अक्षराच्या खालच्या वळणासारखी.

पाठ करायचं असेल तर इतकंच करा: एल म्हणजे आवाज रेंगाळतो, जे म्हणजे आवाज पुढे धावतो.

आपला सीन : बिडाचा तवा

हा सीन आमच्या भांड्यांच्या दुकानात शूट केला. एका बाजूला काकू, नेहमीच्या ग्राहक. दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ. काकूंना आधी विचारून, परवानगी घेऊनच शूट केलं. दोन फोन वापरले. एक फक्त काकूंवर, एक फक्त भावावर, दोन्ही एकाच वेळी चालू. आवाजासाठी दोघांच्या मध्ये काउंटरवर एक माइक ठेवला. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवली, म्हणजे नंतर दोन्ही फोनचं चित्र आणि माइकचा आवाज त्या टाळीवर जुळवता येतो. निघताना तवा काउंटरवर ठेवून त्याचा एक जवळून शॉटही घेतला.

संवाद असा आहे. कंसातले आकडे सेकंदांचे.

1. काकू: "तवा मागच्या महिन्यात नेला, पण घावन एक सुटत नाही. तुकडे तुकडे होतात." (0 ते 6)
2. भाऊ: "नेल्यावर पहिल्यांदा काय केलंत तव्याला?" (6.5 ते 9)
3. काकू: "काय करायचं? घासून-पुसून लख्ख धुतला साबणाने. रोज धुते." (10 ते 14.5)
4. भाऊ: "तिथंच गाडी अडली, काकू. नव्या बिडाला तेल मुरावं लागतं. रोज साबण लावला की ते तेल टिकतच नाही." (15.5 ते 21)
5. काकू: "म्हणजे तवा रोज नवाच होतोय म्हणा की!" (23 ते 25.5)
6. भाऊ: "तसंच. आज तेलाचा पातळ हात फिरवा, मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, गार होऊ द्या, पुसा. असं तीन-चार वेळा करा. मग घावन टाका." (26 ते 34)
7. काकू: "आणि नाही सुटलं तर?" (34.5 ते 36)
8. भाऊ: "तर तवा परत आणा." (37.5 ते 39)

39 सेकंदांचा सीन आहे. यात विकायची गोष्ट तवा नाही. यात दिसायला हवं ते हे, की तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाचं या दुकानात ऐकून घेतात. आणि "ऐकून घेतात" हे कुठल्याच वाक्यात नाहीये. ते फक्त ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे. साधे कट ठेवले तर तो चेहरा व्हिडिओत येणारच नाही, कारण साध्या कटमध्ये माणूस दिसतो तो बोलतानाच.

पहिली पायरी : डोळे मिटून एडिट

चित्राला हात लावायच्या आधी आवाज पक्का करा. म्हणजे फक्त आवाज ऐकत सीन कापा. अडखळलेलं वाक्य, मध्येच आलेला रिक्षाचा हॉर्न, दोनदा बोललेली ओळ, हे सगळं इथेच काढायचं. रेडिओवर लावलं तरी गप्पा कळल्या पाहिजेत, म्हणून काही जण याला रेडिओ कट म्हणतात.

इथे सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वाक्यांमधली शांतता. वर आकडे नीट बघा. चौथ्या आणि पाचव्या वाक्यात 2 सेकंदांचं अंतर आहे. काकू त्या वेळी विचार करतायत. सातव्या आणि आठव्यात दीड सेकंद आहे, तिथे भाऊ विचार करतोय. नवीन एडिटर या शांतता आधी कापतो, कारण त्याला त्या रिकाम्या वाटतात. पण माणसाला पटतंय हे तिथेच दिसतं. आणि एल-कटला चेहरा दाखवायला जागा लागते, ती जागाही हीच.

आवाज पक्का झाला की साध्या कटने दोघांची चित्रं त्यावर बसवा. काकूंच्या वाक्यावर काकू, भावाच्या वाक्यावर भाऊ. कच्चा माल तयार झाला.

दुसरी पायरी : फक्त चित्राची कड सरकवा

आता मुख्य काम. आवाजाला अजिबात हात लावायचा नाही. दोन क्लिप जिथे भेटतात, तिथली फक्त चित्राची कड पुढे-मागे सरकवायची. सरकवताना एका क्लिपचं चित्र जेवढं वाढतं तेवढंच दुसरीचं कमी होतं. त्यामुळे एकूण लांबी तीच राहते आणि ओठ-आवाज कुठेही सरकत नाहीत. याला रोल करणं म्हणतात.

कड डावीकडे नेली, तर पुढचं चित्र लवकर येतं आणि आधीचा आवाज रेंगाळतो. झाला एल-कट.

कड उजवीकडे नेली, तर जुनं चित्र टिकून राहतं आणि नवा आवाज आधी सुरू होतो. झाला जे-कट.

कॉम्प्युटरवर डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल, तर दोन क्लिपच्या बरोबर सांध्यावर कर्सर न्या, `Alt` दाबून धरा आणि चित्राची कड ओढा. `Alt` दाबल्यामुळे चित्र आणि आवाज यांची बांधलेली जोडी तेवढ्यापुरती सुटते. प्रीमियर प्रोमध्ये `N` दाबून रोलिंग एडिटचं टूल घ्या, मग तसंच `Alt` धरून ओढा. मॅकवर `Alt` च्या जागी `Option`.

फोनवरच्या बऱ्याच ॲप्समध्ये मुख्य पट्टीवर चित्र-आवाज एकत्रच राहतात आणि अशी कड सरकत नाही. तिथे ओव्हरलेचा मार्ग घ्या. मुख्य पट्टी साध्या कटची तशीच ठेवा. जिथे एल-कट हवा, तिथे ऐकणाऱ्याच्या चित्राचा तुकडा वर ओव्हरले म्हणून ठेवा, पूर्ण स्क्रीनभर, आवाज शून्य करून. हा तुकडा साध्या कटच्या जागी संपला पाहिजे आणि मुख्य पट्टीवर त्या माणसाची क्लिप जिथून सुरू होते, त्याच्या लगेच आधीचा असला पाहिजे. म्हणजे ओव्हरले संपून खालची क्लिप दिसायला लागते तेव्हा चित्र न हलता पुढे चालू राहतं. तिथे डोकं टुणकन उडालेलं दिसलं, तर तुकडा काही फ्रेमने चुकलाय असं समजा. जे-कटला उलट करा. बोलून झालेल्या माणसाच्या चित्राचा पुढचा तुकडा कटच्या नंतर वर ठेवा.

तिसरी पायरी : कुठे एल, कुठे जे, कुठे काहीच नाही

आता आपला सीन कापू. फोनवर व्हिडिओ साधारण 30 फ्रेमवर शूट होतो, म्हणजे एका सेकंदात 30 चित्रं. 15 फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. हा हिशोब डोक्यात ठेवा.

सुरुवात. 0 ते 1.5 सेकंद काउंटरवरच्या तव्याचा तो जवळचा शॉट ठेवला. त्यावर काकूंचा आवाज, "तवा मागच्या महिन्यात नेला". मग काकूंचा चेहरा. हा जे-कट. बघणाऱ्याला आधी वस्तू दिसते, आवाज ऐकू येतो, आणि "कोण बोलतंय?" असं वाटायच्या आत चेहरा येतो. तोच प्रश्न त्याला पुढे ओढतो.

वाक्य 1 वरून 2 वर जाताना. "तुकडे तुकडे होतात" हे शब्द साडेचार सेकंदांवर सुरू होतात. तिथेच चित्र भावावर नेलं. काकूंची तक्रार ऐकू येतेय आणि दिसतोय तो मान खाली करून ऐकणारा दुकानदार. दीड सेकंदाचा एल-कट, म्हणजे कड 45 फ्रेम डावीकडे. सगळ्या सीनचं काम या दीड सेकंदात होतं.

वाक्य 2 वरून 3 वर. भावाचा प्रश्न संपायच्या 1 सेकंद आधी चित्र काकूंवर नेलं. प्रश्नाचा शेवट काकूंच्या चेहऱ्यावर ऐकू येतो. मग 1 सेकंद काकू आठवतायत, आणि उत्तर. हाही एल-कट.

वाक्य 3 वरून 4 वर. "साबणाने" हा शब्द संपला की लगेच भाऊ. "रोज धुते" हे शब्द त्याच्या चेहऱ्यावर ऐकू येतात आणि त्याच्या भुवया वर जातात. इथे नीट लक्ष द्या. "साबणाने" हा शब्द मी काकूंच्या तोंडातून दिसू दिला, कारण गोष्टीची किल्ली तो शब्द आहे. चित्र त्याच्या आधी बदललं असतं तर बघणारा भावाचा चेहरा बघण्यात गुंतला असता आणि शब्द अर्धवट ऐकला असता. महत्त्वाचा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी दाखवायचा, त्याचा परिणाम ऐकणाऱ्याच्या तोंडावर.

वाक्य 4 वरून 5 वर. "ते तेल टिकतच नाही" च्या थोडं आधी, म्हणजे 19 सेकंदांवर, चित्र काकूंवर. 2 सेकंद त्या ऐकतात, मग 2 सेकंद शांतता, मग त्या हसून म्हणतात, "म्हणजे तवा रोज नवाच होतोय म्हणा की!" कट न करता हे सगळं एका चित्रात राहतं. त्यांना गोष्ट कळताना आपण बघतो.

वाक्य 5 वरून 6 वर. इथे साधा कट. भाऊ "तसंच" म्हणतो त्याच क्षणी भाऊ. आठ सेकंद तो कृती सांगतो आणि हाताने तेल फिरवून दाखवतो. ते हात दिसायला हवेत, म्हणून मध्ये ऐकणाऱ्याकडे जायचं नाही. शिकवायची कृती असेल तिथे बोलणारा आणि त्याचे हात सोडू नका.

वाक्य 6 वरून 7 वर. काकूंचा "आणि नाही" हा आवाज भावाच्या चित्रावर सुरू होतो. बोलणं संपलं असं समजून त्याने तवा बाजूला ठेवायला घेतलाय, आवाज ऐकून तो वर बघतो, आणि मग काकू दिसतात "सुटलं तर?" म्हणताना. अर्ध्या सेकंदाचा जे-कट, कड 15 फ्रेम उजवीकडे. मध्येच टोकल्यासारखा प्रश्न येतो आणि सीनला एक धक्का बसतो.

वाक्य 7 वरून 8 वर. प्रश्न संपला की शांततेतच साधा कट, भावावर. तो सव्वा सेकंद काही बोलत नाही, मग म्हणतो, "तर तवा परत आणा." त्या शांततेत बघणारा त्याच्याकडे बघतोय, कारण आता उत्तर त्याला द्यायचंय. आवाजाची काही कसरत इथे नको.

मोजा. एकूण आठ वेळा चित्र बदललं. त्यात चार एल, दोन जे, दोन साधे. एल जास्त आहेत, कारण हा सीन ऐकण्याचा आहे. हाच सीन घासाघीस करणाऱ्या दोन माणसांचा असता तर जे जास्त आले असते, कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य तोडून आत घुसतो. प्रमाण ठरवून ठेवू नका. प्रत्येक जागी एकच विचारा: या शब्दाला बघणाऱ्याला कोणाचा चेहरा बघायचाय?

नेमकी फ्रेम निवडताना एक जुनी युक्ती कामाला येते. वॉल्टर मर्च हे हॉलिवूडचे एडिटर. 1974 च्या 'द कॉन्व्हर्सेशन' या सिनेमाचं एडिटिंग करताना त्यांच्या लक्षात आलं, की त्यांना जिथे कट करावासा वाटतो तिथेच आसपास जीन हॅकमन पापणी मिटतो. माणसाच्या मनात एक विचार पुरा झाला की पापणी लवते, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. आपणही ऐकणाऱ्याच्या पापणीच्या जवळपास कड ठेवून बघावी. पण अर्धवट मिटलेल्या डोळ्यांवर चित्र सुरू करू नका, माणूस पेंगल्यासारखा दिसतो.

बिघडतं कुठे आणि ओळखायचं कसं

पहिली अडचण, ऐकणाऱ्याचे ओठ हलतात. दोन फोन एकाच वेळी चालू होते, तर असं का व्हावं? कारण आवाज कापताना आपण मधला भाग काढलेला असतो. समजा, पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्ये भाऊ 3 सेकंद "हां, हो का, थांबा हां" असं बोलला होता आणि ते तुम्ही काढलंत. आता कड डावीकडे सरकवली की त्याच्या चित्रात तेच काढलेले 3 सेकंद उघडे पडतात. काकूंच्या आवाजावर भावाचे ओठ हलताना दिसतात. ओळखायचं असेल तर आवाज बंद करून सीन एकदा बघा. ऐकणाऱ्याचे ओठ हलत असतील तर कड थोडी मागे घ्या, किंवा त्याच संवादातल्या जवळच्या जागेवरून तो गप्प ऐकत असल्याचं चित्र आणा.

दुसरी अडचण, मागचा आवाज उडी मारतो. दुकानात पंखा असतो, फ्रिज असतो, बाहेर रस्ता असतो. काकूंच्या वाक्यांना काकूंच्या फोनचा आवाज आणि भावाच्या वाक्यांना भावाच्या फोनचा आवाज लावला, तर पंख्याची घरघर दर वाक्याला बदलते. साध्या कटमध्ये ते चालून जातं, कारण चित्रही त्याच क्षणी बदलतं. जे-कटमध्ये चित्र तेच आणि घरघर अचानक वेगळी, त्यामुळे चोरी पकडली जाते. म्हणून आवाज एकाच माइकचा घ्या. शूट संपल्यावर सगळ्यांना 30 सेकंद गप्प उभं करून रिकाम्या दुकानाचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो सगळ्या सीनखाली हळू आवाजात अंथरा. आवाजाच्या प्रत्येक जोडावर 3-4 फ्रेमचा क्रॉसफेड द्या. मग डोळे मिटून, कानाला हेडफोन लावून ऐका. कट कुठे आहे ते आवाजावरून सांगता आलं, तर अजून काम बाकी आहे.

तिसरी अडचण, लांबी जास्त होते. संवादातला जे-कट साधारण अर्ध्या सेकंदाचा बरा. एक सेकंदाच्या वर गेला की बघणारा आवाजाचा मालक शोधायला लागतो. एल-कट दोन सेकंदांपर्यंत सहज चालतो. त्याहून लांबला आणि ऐकणारा नुसता मख्ख बसला असेल, तर वाटतं की हा आता काहीतरी बोलणार. तो बोलत नाही, आणि बघणारा चुकचुकतो. चेहऱ्यावर काही घडत असेल तर मात्र लांब एल-कटही टिकतो.

चौथी गोष्ट आपल्या धंद्यातली. बरेच जण आपले व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात. त्यांच्यासाठी आवाज रेंगाळत नाही की पुढे धावत नाही, त्यांना फक्त गप्प माणसाचं चित्र दिसतं. म्हणून खालची अक्षरं आवाजाप्रमाणे लावा, चित्राच्या कटप्रमाणे नाही. आणि दोघांच्या अक्षरांना दोन रंग द्या. काकूंचा पिवळा, भावाचा पांढरा. भावाच्या चेहऱ्याखाली पिवळी अक्षरं आली की कळतं, बोलतायत काकू.

एकच फोन असेल तर

एकाच फोनवर काम भागतं. पूर्ण संवाद आधी काकूंवर शूट करा. मग फोन भावावर फिरवा आणि काकूंना तीच वाक्यं फोनच्या मागे उभं राहून पुन्हा बोलायला सांगा. भाऊ ऐकेल आणि उत्तरं देईल. दुसऱ्या वेळी शब्द तंतोतंत तेच येणार नाहीत, त्यामुळे काकूंचा आवाज पहिल्या वेळचा घ्या, भावाचा दुसऱ्या वेळचा. काकूंचे ऐकतानाचे चेहरे पहिल्या वेळच्या चित्रातून निवडा, भावाचे दुसऱ्या वेळच्या. उभं राहण्याची जागा, हातातली वस्तू आणि उजेड बदलू देऊ नका.

पण इथेच एक जबाबदारी येते. एल-कट करताना आपण कुठलाही चेहरा कुठल्याही वाक्यावर ठेवू शकतो. समजा भावाने किंमत सांगितली, 1,400 रुपये, आणि काकूंचं तोंड वाकडं झालं. पाच मिनिटांनी चहा आला तेव्हा त्या हसल्या. ते हसू उचलून किमतीवर ठेवलं की बघणाऱ्याला वाटणार, काकूंना किंमत पटली. एकही शब्द खोटा नाही, तरी सांगितलं ते खोटंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या नियमांतही हेच आहे, की शिफारस करणाऱ्या माणसाचं मत हे त्याचं खरं मत असलं पाहिजे. आणि नियम बाजूला ठेवला, तरी काकू तो व्हिडिओ बघणारच आहेत. त्यांच्या शेजारणीही बघणार आहेत.

माझा धरबंध असा आहे. गप्प ऐकण्याचा साधा चेहरा जवळच्या जागेवरून आणला तर चालेल. हसू, होकाराची मान, आश्चर्य, नाराजी, म्हणजे ज्या चेहऱ्यातून मत कळतं, तो फक्त त्याच वाक्याला आलेला असेल तरच वापरायचा. शांततेलाही हेच लागू. "नाही सुटलं तर?" नंतर भाऊ दीड सेकंद थांबला. तो वेळ कापला असता तर उत्तर घोकल्यासारखं आलं असतं. थांबून दिलेलं उत्तर विचार करून दिलेलं आहे, ते तसंच दिसू द्यावं.

या आठवड्याचं काम

30 ते 40 सेकंदांचा एक संवाद घ्या, तुमच्या दुकानातला. आधी साध्या कटने बनवा आणि ती फाइल जपून ठेवा. मग त्याचीच कॉपी करून फक्त चित्राच्या कडा सरकवा. एक एल-कट अशा शब्दावर करा जिथे ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्यापेक्षा जास्त सांगतो. एक जे-कट अशा प्रश्नावर करा जो मध्येच येतो. बाकी सगळे कट तसेच राहू देत.

दोन्ही फाइल घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला एडिटिंगमधलं काही कळत नाही. कुठली चांगली वाटली, असं विचारू नका. विचारा, "दुकानदार कसा वाटला?" दोन फाइलींना दोन वेगळी उत्तरं आली, तर तुमच्या कडा बरोबर जागी सरकल्या आहेत.